अंगठ्याखालचा शब्द

“माझी मुलगी व्याख्या पाठ करते, पण पेपरात मधला एक शब्द आठवला नाही की पुढचं सगळं अडतं. बाई म्हणतात, स्वतःच्या शब्दांत लिही. तसं लिहिलं तर मार्क कापले जातात. मग तिनं नक्की करायचं तरी काय?”

ताई, तुमच्या लेकीच्याच वयाची एक मुलगी काही दिवसांपूर्वी तिच्या आईसोबत माझ्याकडे आली होती. हातात विज्ञानाचा तपासलेला पेपर. “विशिष्ट उष्माधारकता म्हणजे काय?” या प्रश्नाखाली तिनं लिहिलं होतं: “एखादा पदार्थ गरम करायला किती उष्णता लागते ते.” ‘गरम’ या शब्दाभोवती लाल गोल आणि शेजारी अर्धा मार्क. “मला समजलंय हो,” ती म्हणाली आणि तिचा आवाज कापरा झाला. तिला समजलं होतंच, पण तिचं वाक्य अजून व्याख्या झालं नव्हतं.

मी तिला पुस्तकातली व्याख्या वहीत मोठ्या अक्षरांत उतरवायला सांगितली: एकक वस्तुमानाच्या पदार्थाचे तापमान 1 °C ने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता म्हणजे त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता होय. मग म्हटलं, आता एकेक शब्द अंगठ्यानं झाक आणि उरलेलं वाक्य खरं राहतं का ते मला सांग.

तिनं ‘एकक वस्तुमानाच्या’ झाकलं. “पेलाभर पाण्यापेक्षा बादलीभर पाण्याला जास्त उष्णता लागेल. मग उत्तर पदार्थाचं राहणार नाही, बादलीचं होईल,” ती म्हणाली. ‘1 °C ने’ झाकलं, तर किती वाढवायचं ते कळेना. ‘उष्णता’ झाकली, तर काय लागतं हेच गेलं. पण ‘होय’ झाकलं तेव्हा काहीच बिघडलं नाही. ‘वाढवण्यासाठी लागणारी’च्या जागी ‘वाढवायला जी लागते ती’ घालून पाहिलं, तरी अर्थ हलला नाही. ज्या शब्दावर बोट ठेवताच वाक्य खोटं किंवा मोघम होतं, तो शब्द जसाच्या तसा हवा. बाकीचं वाक्य तिचं स्वतःचं. पाचेक मिनिटांत तिनं चार जागा अधोरेखित केल्या: एकक वस्तुमान, तापमान, 1 °C आणि उष्णता. तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरात मार्क बहुधा अशाच शब्दांपुढे लिहिलेले असतात आणि त्याची नजर तेच शोधत असते.

राहिला तो लाल गोल. ‘गरम करणे’ आणि ‘तापमान वाढवणे’ आपण बोलताना एकच मानतो, म्हणून तिला तो अन्याय वाटत होता. त्यासाठी मी पुढची व्याख्या काढली, वितळणाच्या विशिष्ट अप्रकट उष्म्याची: एकक वस्तुमानाच्या स्थायू पदार्थाचे स्थिर तापमानाला द्रवात पूर्णपणे रूपांतर होताना शोषली जाणारी उष्णता. 0 °C चा 1 ग्रॅम बर्फ वितळून 0 °C चं पाणी होताना सुमारे 80 कॅलरी उष्णता घेतो. तेवढ्याच उष्णतेनं 1 ग्रॅम पाणी 0 वरून जवळजवळ 80 °C पर्यंत जाईल. बर्फाला उष्णता दिली, त्यानं ती घेतली आणि तापमान मात्र जराही वाढलं नाही. ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. “म्हणजे ‘गरम करणं’ म्हटलं की दोन्ही व्याख्या एकमेकींत मिसळतात,” ती म्हणाली. त्या लाल गोलाचा राग तिथे गेला.

ही दुसरी व्याख्या आम्ही उलट बाजूनं केली. पुस्तक मिटवलं आणि तिला म्हटलं, धाकट्या भावाला सांगतेस तसं सांग. तिनं सांगितलं: “एक ग्रॅम बर्फ वितळताना उष्णता खात राहतो, पण थर्मामीटर जागचा हलत नाही. तेवढ्या वेळात त्यानं जी उष्णता खाल्ली, ती.” मला हे वाक्य फार आवडलं. पेपरात ते चालणार नाही, पण पेपरातलं वाक्य याच्यावरूनच परत आठवतं.

मग तिनं तेच वाक्य एक ओळ सोडून लिहिलं आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पुस्तकातला शब्द पेन्सिलीनं मांडला. ‘एक ग्रॅम’वर ‘एकक वस्तुमान’, कारण कुणी किलोग्रॅममध्येही मोजेल. ‘बर्फ’वर ‘स्थायू पदार्थ’, कारण मेण किंवा शिसं वितळलं तरी हीच व्याख्या लागू पडते. ‘थर्मामीटर हलत नाही’वर ‘स्थिर तापमान’. ‘खाल्ली’वर ‘शोषली’. चारही शब्द आपापल्या जागी बसले. पुस्तकातला ‘पूर्णपणे’ मात्र तसाच उरला, कारण त्याच्याखाली तिच्या वाक्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी पुस्तक न बघता लिहून आण, असं सांगितलं होतं. तिनं आणलं, आणि नेमका ‘पूर्णपणे’च गळला होता. मुलांच्या वह्यांत मला हे पुन्हा पुन्हा दिसतं: ज्या पुस्तकी शब्दाला आपल्या बोलीत जोडीदार नसतो, तो आधी निसटतो. तो दहादा घोकण्यापेक्षा त्याला जोडीदार शोधून द्यावा. मी विचारलं, अर्धाच बर्फ वितळला तर? “तर चाळीसच कॅलरी,” ती म्हणाली आणि आपल्या वाक्यात तिनं घातलं: “शेवटचा तुकडा वितळेपर्यंत.” त्याच्या डोक्यावर ‘पूर्णपणे’ लिहिलं. त्यानंतरच्या दोन खेपांना तो शब्द सुटला नाही.

एका ठिकाणी मात्र हात आवरावा लागतो. बोलताना सारखे वाटणारे काही शब्द विज्ञानात वेगळे असतात: वस्तुमान आणि वजन, अंतर आणि विस्थापन, चाल आणि वेग. वेगाची व्याख्या ‘एकक कालावधीत कापलेलं अंतर’ अशी लिहिली की ती चालीची होते, कारण वेगाला दिशा लागते. या जोड्यांपैकी कुठलाही शब्द व्याख्येत दिसला, तर तो अंगठ्यानं न झाकताच अधोरेखित करावा. नियम आणि प्रमेयांच्या विधानांत तर मी मुलांना फारच थोडी मोकळीक देते. ओहमच्या नियमातलं ‘भौतिक स्थिती कायम असताना’ हे नुसती प्रस्तावना वाटतं, म्हणून आपल्या शब्दांत लिहिताना बहुतेक मुलं तेच आधी गाळतात. तार तापली की तिचा रोध बदलतो आणि मग तो नियम सांगतो ते प्रमाण टिकत नाही. म्हणून नियमाचं विधान पुस्तकातलंच लिहावं आणि आपले शब्द ‘स्पष्ट करा’ या प्रश्नासाठी राखून ठेवावेत. ‘व्याख्या लिहा’ असं विचारलं असेल, तर अधोरेखित शब्दांसह एकच वाक्य पुरे. त्याच्याखाली थर्मामीटरचं वाक्यही जोडावंसं मुलांना वाटतं, पण त्यात एखादा शब्द चुकला तर वरच्या बरोबर उत्तरावरही शंका येते.

ताई, अडल्यावर काय, हा तुमचा मूळ प्रश्न. त्या मुलीचंही पुढच्या चाचणीत मधेच अडलं. तिनं मला ते पान दाखवलं. समासात पुसट पेन्सिलीत लिहिलं होतं, “थर्मा. हलत नाही, शेवटचा तुकडा”, आणि शेजारी पेनानं पूर्ण व्याख्या. क्रम पुस्तकाचा नव्हता. ‘शोषलेली उष्णता’ आधी आली होती आणि ‘स्थिर तापमान’ शेवटी. पाचही शब्द होते, मार्क पूर्ण मिळाले होते. तुमच्या लेकीला आज एकच व्याख्या घेऊन बसवा. ती पाठ झाली का ते विचारू नका. एका शब्दावर तुमचा अंगठा ठेवा आणि आता काय बिघडलं, एवढंच विचारा.