SOH 89% आणि डॅशबोर्ड गप्प: बॅटरी किती उतरली ते कसं ओळखायचं

प्रश्न: लातूरला राहतो. इलेक्ट्रिक गाडीला तीन वर्षं झाली, 52 हजार किमी चालली. गाडीतली माहिती वाचणारं ओबीडी लावून ॲपमध्ये बघितलं तर SOH, म्हणजे नव्याच्या तुलनेत बॅटरीची उरलेली क्षमता, 89% दाखवतोय, महिन्यापूर्वी 93 होता. डॅशबोर्डवर एकही लाइट नाही. खरं कोणाचं मानू?

उत्तर:

चांगली बॅटरी एका महिन्यात चार टक्के झिजत नाही. त्यामुळे ही घसरण बॅटरीत झाली असण्यापेक्षा तिच्या हिशेबात झाली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. डॅशबोर्ड गप्प आहे म्हणून निर्धास्त व्हायचंही कारण नाही, कारण तो या कामासाठी नाहीच. पॅक फार तापला, इन्सुलेशन गेलं, एखाद्या सेलचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला, की लाइट लागतो. धारणक्षमता हळूहळू कमी होणं हा गाडीच्या दृष्टीने बिघाड नाही, म्हणून त्याचा लाइट सहसा लागत नाही. उलट अनेक लाइट एकदम लागले तर आधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर जाते.

SOH हा आकडा कोणी मोजलेला नसतो, बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेने, काढलेला अंदाज असतो. बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर आला याची बेरीज-वजाबाकी ती सतत करते. सेन्सरची बारीक चूक त्यात रोज थोडी थोडी साठते आणि व्होल्टेज बघून ती सुधारली जाते. तुमची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची, असेल तर अडचण इथेच आहे. चार्ज साधारण 20 ते 90 टक्क्यांच्या मधे असताना प्रत्येक सेल 3.2-3.3 व्होल्टच्या आसपासच असतो. टाकीला बाहेरून काचेची नळी लावावी आणि टाकी निम्मी रिकामी झाली तरी नळीतली पातळी जागची हलू नये, तसं हे आहे. पातळी कळते ती फक्त अगदी वर आणि अगदी खाली. तुम्ही गाडी महिनोनमहिने 30 ते 80 मधेच चार्ज करत असाल तर बीएमएसला चूक सुधारायची संधीच मिळत नाही, आणि SOH भरकटतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या एनएमसी बॅटरीत व्होल्टेज सलग उतरत जातो, म्हणून तिथे हा प्रकार कमी.

माझ्या स्वतःच्या गाडीवर हे झालं. पॅक कागदावर 40 युनिटचा, आणि हे युनिट म्हणजे लाइटबिलावर असतं तेच. ॲपमध्ये SOH 88 पर्यंत उतरला होता. मी आधी घरच्या चार्जरवर गाडी 100 टक्के केली आणि 100 दिसल्यावरही दोन तास प्लग काढला नाही. सेल एका पातळीवर आणायचं काम बऱ्याच गाड्यांत शेवटच्या याच टप्प्यात होतं. फास्ट चार्जरवर 80-90 ला प्लग काढला तर ते राहूनच जातं. मग मधे कुठेही चार्ज न करता अहमदपूरची एक फेरी आणि गावातली कामं अशी तीन दिवसांत गाडी 10 टक्क्यांवर आणली. रात्रभर तशीच उभी ठेवली आणि सकाळी 15 अँपिअरच्या सॉकेटला लावली. त्या सॉकेटच्या लाइनवर मी वेगळा सबमीटर बसवलाय. 13 तासांत 100 झाली, सबमीटरवर 38.5 युनिट पडले.

हे सगळे युनिट बॅटरीत जात नाहीत. चार्जरची उष्णता, वायर, पंप-पंखे यांत काही जातात. 12 टक्के गळती धरली तर बॅटरीत गेले 33.9 युनिट, आणि तेवढ्यात 90 टक्के भरली. म्हणजे पूर्ण पॅक 37.6 युनिटचा, 40 च्या 94 टक्के. नंतर ॲपमधला SOH आपोआप 93 वर आला.

आता या 94 वर किती भिस्त ठेवायची? गळती 15 टक्के धरली तर उत्तर 91 येतं, 10 धरली तर 96. एका मोजणीतून एवढंच कळतं. म्हणून मी टक्केवारीपेक्षा सबमीटरचा आकडाच वहीत लिहून ठेवतो. दर वर्षी त्याच सॉकेटवर, त्याच महिन्यात, 10 ते 100. गळती दर वेळी जवळपास तीच असते, त्यामुळे 38.5 चे 37 झाले तर साधारण चार टक्के गेले हे नक्की कळतं. महिना ठरलेला हवा, कारण डिसेंबरच्या थंडीतली गाडी आणि मे मधल्या 42 अंशातली गाडी सारखी भरत नाही. टक्के काढायचेच तर भागायचं ते वापरायला मिळणाऱ्या युनिटांनी. काही कंपन्या पॅकचा एकूण आकडा सांगतात आणि त्यातला थोडा भाग राखीव ठेवतात.

रेंजवरून मात्र बॅटरीचा निकाल लावू नका. मे महिन्यात भर दुपारी एसी लावून नांदेडला गेलात तर गाडी युनिटला सात किमीऐवजी सहाच देईल. बॅटरी तेवढीच आहे, खर्च वाढला.

खरी काळजी करायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती SOH मधे लपू शकते. माझ्या ओळखीतल्या एकांची टॅक्सी आहे. त्यांचा SOH 95 होता, पण 17 टक्क्यांवर चढ चढताना गाडीची ताकद गेली, कासवाचा लाइट लागला आणि पाच मिनिटांत टक्केवारी चारवर आली. पॅकमधले सेल सिरीजमधे असतात, म्हणून सगळ्यात कमजोर सेल संपला की पॅक संपला, बाकीच्यांत कितीही शिल्लक असो. हे ओळखायला ॲपमधे सेलचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज बघतात. 50 टक्क्यांवर बघून उपयोग नाही, तिथे आजारी सेलही निरोगीच दिसतो. चार्ज 20 च्या खाली असताना सोबत्याला स्क्रीन बघायला सांगा आणि मोकळ्या रस्त्यावर जरा जोर द्या. फरक थोडाच राहिला आणि जोर दिल्यावरही फारसा वाढला नाही तर ठीक. त्या टॅक्सीत तो 0.3 व्होल्टच्या वर जात होता आणि दर वेळी तोच एक सेल खाली बसत होता. पूर्ण चार्ज आणि दोन तास प्लग असं तीनदा करूनही फरक हटला नाही, तेव्हा दोष सेलचाच ठरला.

तुम्ही आधी दोन-तीन वेळा 100 टक्के करून वरची मोजणी करा. SOH 92-93 ला परतला आणि चार्ज कमी असताना सेलमधला फरक वाढला नाही, तर तीन वर्षं आणि 52 हजार किमीला हे अगदी ठीक आहे. आकडा 89 वरच राहिला आणि सबमीटरही तेच सांगत असेल, तर सर्व्हिस सेंटरला त्यांच्या मशीनवर SOH आणि सेलचे व्होल्टेज काढायला लावा. ते जॉबकार्डवर तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या. हमीसाठी आपल्या ॲपचा स्क्रीनशॉट सहसा चालत नाही, त्यांचंच मोजमाप धरतात. किती टक्क्यांखाली हमी लागू होते तो आकडा तुमच्या हमीपत्रात असतो, बहुतेक ठिकाणी 70 च्या आसपास. एकच सेल खाली बसत असेल तर मात्र 70 ची वाट बघू नका, तक्रार बिघाड म्हणून नोंदवा.