एफडी मोडायची की सोनं ठेवायचं, हा प्रश्न नंतरचा

"मिस्टरांच्या मित्राची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. १० लाख दिले तर महिन्याला दीड टक्का देतो म्हणतात. एफडी मोडू की सोनं तारण ठेवून गोल्ड लोन घेऊ? लेटरहेड जोडलंय."

ताई, आधी हिशोब. गोल्ड लोन १० टक्क्यांनी धरलं तर वर्षाला १ लाख व्याज तुम्ही भरणार आणि १ लाख ८० हजार मिळणार, म्हणजे हातात ८० हजार, तेही टॅक्सच्या आधी. १० लाख बुडाले तर ते भरून यायला साडेबारा वर्षं लागतील. म्हणून एफडी की सोनं हे बाजूला ठेवा.

लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर होता, तो मी mca.gov.in या सरकारी पोर्टलवर "Master Data" मध्ये टाकून बघितला. फुकट आहे, कुणीही बघू शकतं. स्टेटस "Active" आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की कंपनीचं नाव अजून रजिस्टरमधून काढलेलं नाही. खाली बघा, शेवटचा ताळेबंद ३१ मार्च २०२२ चा. ताळेबंद एजीएमनंतर, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत आणि वार्षिक रिटर्न ६० दिवसांत भरायचा असतो, उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये दंड चढतो. इथे २०२३ आणि २०२४ दोन्ही कोरे, आणि तिसरं वर्ष पण असंच गेलं तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. जी कंपनी हा दंड चढू देते ती तुम्हाला दर महिन्याला १५ हजार कुठून देणार?

आता मुख्य गोष्ट. संचालकांच्या यादीत दोन नावं आहेत आणि तुमच्या मिस्टरांच्या मित्राचं त्यात नाहीच! लेटरहेडवर मात्र "डायरेक्टर" म्हणून सही त्यांचीच. राजीनामा दिला असेल, कधी झालेच नसतील, काहीही असो, त्यांच्या सहीने कंपनीवर जबाबदारी येते हे तुम्ही सिद्ध कसं करणार? शिवाय "Index of Charges" मध्ये बँकेचा ६० लाखांचा बोजा अजून उघडा आहे, म्हणजे कंपनी बुडाली तर तारण आधी बँक विकणार, तुम्ही विनातारण, मागच्या रांगेत.

आणि जे तुम्ही विचारलंच नाही ते सांगतो. प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या माणसाकडून असं कर्ज घेताच येत नाही, कंपनी कायद्यात ती ठेव धरली जाते. संचालक किंवा त्याचे जवळचे नातेवाईक देऊ शकतात, पण त्यांनाही लिहून द्यावं लागतं की हे पैसे उसने आणलेले नाहीत, मग सोनं तारण ठेवून आणलेले पैसे त्यांनाही चालत नाहीत. तुम्ही तर नातेवाईकही नाही.

सोनं घरीच ठेवा, एफडी मोडू नका. कागद बघायचेच असतील तर त्याच पोर्टलवर "View Public Documents" ला १०० रुपये भरा, २०२२ चा ताळेबंद उघडा आणि विनातारण कर्जाची ओळ बघा, तुमच्याआधी किती जणांकडून घेतलंय ते तिथून थोडंफार कळेल. फक्त हे आकडे कंपनीनेच भरलेत, सरकारने तपासलेले नाहीत.