नदीवरची 25 गुणांची चाचणी: पेपर आणि गुणदान योजना

प्रश्न: अकरावी भूगोलाच्या 'नदी' या घटकावर 25 गुणांची, एक तासाची चाचणी काढायची आहे. एक गुणाचे, लघुत्तरी आणि दीर्घोत्तरी असे तिन्ही प्रकार हवेत, सोबत गुणदान योजनाही द्यायची आहे. पेपर काढायची पहिलीच वेळ आहे. कसा काढावा?

उत्तर:

मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. नदीवर पेपर काढायचा असेल तर माझी विभागणी अशी असते: एक गुणाचे पाच प्रश्न (5 गुण), तीन गुणांचे पाचपैकी चार (12 गुण) आणि आठ गुणांचा दोनपैकी एक (8 गुण). वेळ मोजून पाहिला तर पहिल्या प्रश्नाला पाच मिनिटं, लघुत्तरी प्रत्येकी सातच्या हिशोबाने अठ्ठावीस आणि दीर्घोत्तरी आकृतीसकट वीस मिनिटं घेतो. उरलेली सात मिनिटं पेपर वाचायला आणि पुन्हा नजर फिरवायला राहतात.

हे गणित कुणालाही जमतं. खरी अडचण प्रश्नाच्या शब्दांत असते, आणि ती आदर्श उत्तर लिहायला बसल्याशिवाय दिसत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की प्रश्न लिहिला की लगेच त्याच कागदावर खाली त्याचं उत्तर आणि गुणांची फोड लिहा. फोड करता आली नाही तर तो प्रश्न अजून तयार झालेला नाही.

एक गुणाच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सोपा समजून सगळ्यात घाईत काढला जातो. एका वर्षी आमच्या पेपरात प्रश्न होता: 'पुढीलपैकी गोदावरीची उपनदी कोणती? (अ) भीमा (आ) कोयना (इ) पूर्णा (ई) प्रवरा.' अपेक्षित उत्तर प्रवरा. पेपर काढणाऱ्याच्या डोळ्यासमोर अमरावती-अकोल्याकडून येऊन तापीला मिळणारी पूर्णा होती. पण परभणीकडची एक मुलगी होती, तिने पूर्णा लिहिलं आणि तिचा गुण गेला. दुसऱ्या दिवशी ती नकाशासंग्रह घेऊन आली. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी दुसरी पूर्णा परभणी जिल्ह्यातून जाऊन गोदावरीला मिळते, हे तिने बोट ठेवून दाखवलं. ती तिच्या गावाकडची नदी होती. प्रवराही बरोबर, पूर्णाही बरोबर. सगळा गठ्ठा पुन्हा काढावा लागला, आणि मला आजही वाईट वाटतं की ती आली नसती तर तिचं बरोबर उत्तर चूकच राहिलं असतं. एकाच नावाच्या दोन नद्या आपल्याकडे आहेत, त्यामुळे पर्यायातलं प्रत्येक नाव नकाशावर तपासा, नुसतं बरोबर उत्तर नव्हे.

आता माझे पाच प्रश्न देतो. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमानंतर नदीला काय म्हणतात (प्राणहिता)? निघोजचे रांजणखळगे कोणत्या नदीच्या पात्रात आहेत (कुकडी)? भीमा, मांजरा, पंचगंगा, तुंगभद्रा यांतली गटात न बसणारी कोणती (मांजरा, कारण ती गोदावरी खोऱ्यातली आणि बाकीच्या कृष्णा खोऱ्यातल्या)? दोन नदीखोऱ्यांना वेगळं करणाऱ्या उंच भागाला काय म्हणतात (जलविभाजक)? मुखाजवळ मुख्य प्रवाहापासून फुटून स्वतंत्रपणे समुद्राकडे जाणाऱ्या फाट्याला काय म्हणतात (वितरिका)? इथे अर्धा गुण ठेवू नका. शुद्धलेखनाची चूक असेल पण शब्द ओळखू येत असेल, तर पूर्ण गुण द्यावा आणि तसं योजनेत लिहूनच ठेवावं.

लघुत्तरीत 'भौगोलिक कारणे द्या' हा प्रकार नदीसाठी उत्तम, पण इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. नेहमीचा प्रश्न असा येतो: 'पश्चिमवाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत.' मुलं पाठ केलेलं लिहितात: नद्या लांबीला कमी आहेत, वेगाने वाहतात. आपणही गुण देऊन मोकळे होतो. जरा थांबून बघा. नर्मदा 1312 किलोमीटर लांब आहे, तापी 724 किलोमीटर. त्यांना आखूड कसं म्हणणार? आणि पश्चिमेला, अरबी समुद्राला मिळणं हे कारण असेल तर सिंधू नदी त्याच समुद्राला मिळते आणि तिचा त्रिभुज प्रदेश भला मोठा आहे. म्हणजे दिशा हे कारणच नाही. प्रश्नाने दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या आहेत.

म्हणून मी प्रश्न बदलून लिहितो: 'कोकणातील नद्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश आढळत नाहीत. कारणे द्या.' आता उत्तर नेमकं होतं. सह्याद्री ते समुद्र अंतर थोडं, खोरी लहान, म्हणून वाहून आणलेला गाळच मर्यादित, याला एक गुण. उतार तीव्र, वेग जास्त आणि गाळ पसरायला सपाट प्रदेश कमी, याला एक. मुखाशी खाडी आहे आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहात गाळ टिकून राहत नाही, याला एक. वाशिष्ठी किंवा सावित्रीचं उदाहरण दिलं तर चांगलंच, पण त्यासाठी वेगळा गुण नाही. 'कारण त्या पश्चिमेकडे वाहतात' एवढंच लिहिलं तर शून्य. हा शेवटचा मुद्दा योजनेत जरूर लिहा. दोन शिक्षक तपासत असतील तर एक जण त्याला गुण देईल आणि दुसरा देणार नाही.

नर्मदा-तापीबद्दलच विचारायचं असेल तर स्वतंत्र प्रश्न करा. तिथे खचदरीतून, बऱ्याच अंतरापर्यंत कठीण खडकाच्या प्रदेशातून होणारा प्रवास आणि खंभातच्या आखातातली जोरदार भरती-ओहोटी हे मुद्दे येतात. गुणांची फोडही मग वेगळी होते.

एक लघुत्तरी आकडेमोडीचा ठेवा, नाहीतर सगळा पेपर पाठांतराचा होतो. माझा आवडता असा: 'एका ठिकाणी नदीच्या पात्राची रुंदी 20 मीटर, सरासरी खोली 1.5 मीटर आणि पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला 0.8 मीटर आहे. पुरात रुंदी तीच राहून खोली 3 मीटर आणि वेग 2 मीटर होतो. दोन्ही वेळचा विसर्ग काढा आणि तो किती पट वाढला ते सांगा.' रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की पहिला विसर्ग 24 आणि दुसरा 120 घनमीटर प्रति सेकंद येतो, म्हणजे पाचपट. पहिल्या विसर्गाला एक गुण, दुसऱ्याला एक, पटीला एक. मुलाने पहिला विसर्ग चुकून 30 काढला आणि दुसरा 120 बरोबर काढून 'चारपट' लिहिलं, तर त्याचा एकच गुण जातो. पटीचा गुण त्याला मिळायला हवा, कारण त्याची रीत बरोबर आहे. एकक लिहिलं नाही तर पूर्ण प्रश्नात मिळून अर्धा गुण कापा, प्रत्येक ओळीला नको. 'सरासरी' हा शब्द प्रश्नात असू द्या, कारण पात्राच्या मध्यभागी आणि काठाला वेग सारखा नसतो आणि हुशार मुलं तिथे हात वर करतात. पावसाळ्यात धरणाच्या बातम्यांत क्युसेक ऐकलेली मुलं हा प्रश्न आनंदाने सोडवतात.

आता दीर्घोत्तरी. 'नदीचे कार्य स्पष्ट करा' असं कधीच विचारू नका. खनन, वहन, संचयन हे तिन्ही आठ गुणांत मावत नाही आणि प्रत्येक जण वेगळं लिहितो. मी विचारतो: 'नागमोडी वळणापासून नालाकृती सरोवर कसे तयार होते, ते आकृत्यांसह व उदाहरणासह स्पष्ट करा.' यात क्रम आहे, म्हणून गुण आपोआप पायऱ्यांवर बसतात. वळणाच्या बाहेरच्या काठाला वेग जास्त म्हणून तिथे खनन, हा एक गुण. आतल्या काठाला वेग कमी म्हणून तिथे संचयन, हा एक. ही क्रिया चालू राहून वळण मोठं होतं आणि दोन वळणांमधली जमिनीची मान अरुंद होते, हा एक. पुराच्या वेळी नदी ती मान तोडून सरळ वाट काढते, हा एक. जुन्या वळणाची दोन्ही तोंडं गाळाने बंद होऊन नालेच्या आकाराचं सरोवर मागे उरतं, हा एक. आकृतीला दोन: टप्प्यांचा क्रम दाखवल्याबद्दल एक आणि प्रवाहाचा बाण, खनन, संचयन अशा नावांसाठी एक. उदाहरणाला एक, म्हणजे बिहारमधल्या बेगुसराय जिल्ह्यातलं कंवर सरोवर.

आकृतीबद्दल योजनेत दोन ओळी जास्त लिहा. मागे एका मुलाने सुंदर वळण काढलं होतं, पेन्सिलने छटा देऊन, पण गाळाचे ठिपके बाहेरच्या काठाला. शेजारीच त्याने लिहिलेलं वाक्य मात्र बरोबर होतं. अशा वेळी नावांचा एक गुण जातो, लेखी मुद्द्याचा जात नाही. उलट आकृतीत सगळं बरोबर आणि वाक्यांत एखादा टप्पा राहिलेला असेल, तर आकृतीतून तो स्पष्ट दिसतो का ते पाहून गुण द्या. उदाहरण म्हणून लोणार लिहिणारे दरवर्षी तीन-चार तरी निघतात. ते उल्कापातामुळे बनलेलं विवर आहे, तिथे शून्य, पण बाकीचे सात गुण शाबूत.

दोनपैकी एक असा विकल्प देताना दुसरा प्रश्नही तितक्याच पायऱ्यांचा असू द्या. धबधब्याची निर्मिती आणि त्याची मागे सरकण्याची क्रिया इथे चालते: कठीण खडकाचा थर वर, मऊ खाली, मऊ थराची झीज, प्रपात कुंड, वरचा थर आधाराविना कोसळणं, धबधबा उगमाकडे सरकणं. याउलट 'गोदावरी खोऱ्याची माहिती लिहा' ठेवलंत तर पाठांतरवाले तिकडे वळतील आणि दोन्ही उत्तरांची तुलना करता येणार नाही.

पेपर झाल्यावर सरळ तपासायला बसू नका. आधी सहा-सात उत्तरपत्रिका पेन्सिलने तपासा. तुम्हाला न सुचलेलं एखादं बरोबर उत्तर त्यात नक्की सापडतं. ते योजनेत घाला, त्या सहा-सात पुन्हा पाहा आणि मगच लाल पेन उघडा.