पार, बर्डी, ईगल, बोगी: ‘पार’च्या खाली असणं चांगलं कसं?

प्रश्न : गेल्या रविवारी मामांबरोबर पहिल्यांदाच गोल्फ कोर्सवर गेले होते. सगळे पार, बर्डी, ईगल, बोगी असं काहीबाही बोलत होते. एक काका म्हणाले, ‘आज दोन अंडर,’ तर बाकीच्यांनी त्यांची पाठ थोपटली. आमच्या ऑफिसात काम ‘बिलो पार’ झालं असं म्हटलं की खाली मान घालावी लागते. मग इथे उलटं का? हे पक्षी कुठून आले? आणि बोगी म्हणजे रेल्वेचीच का?

उत्तर : बोगी रेल्वेची नाही, बागुलबुवाची आहे. पण तो येतो शेवटी. सुरुवात पारपासून करू, कारण बाकीचे तिन्ही शब्द पारवरूनच मोजले जातात.

क्रिकेटमध्ये धावा जमवायच्या असतात, गोल्फमध्ये फटके वाचवायचे असतात. होल म्हणजे नुसता खळगा नव्हे, पहिला फटका मारायच्या जागेपासून, म्हणजे टीपासून, त्या खळग्यापर्यंतचा अख्खा पट्टा. टीवरून चेंडू मारायला सुरुवात केली की तो होलच्या खळग्यात पडेपर्यंत जितके फटके लागले तितका तुमचा त्या होलचा स्कोअर. म्हणजे गोल्फचं कार्ड हे कमाईचं नाही, खर्चाचं कार्ड आहे. पार हा त्या खर्चाचा आधी बांधलेला अंदाज. काका ‘दोन अंडर’ म्हणाले म्हणजे अंदाजापेक्षा दोन फटके कमी खर्च झाले. पाठ थोपटण्याजोगीच गोष्ट आहे ती.

हा अंदाज मुख्यतः होलच्या लांबीवरून बांधतात. तरबेज खेळाडूला त्या गुळगुळीत कापलेल्या हिरवळीपर्यंत, म्हणजे ग्रीनपर्यंत, पोचायला किती फटके लागतील ते धरायचं आणि ग्रीनवर चेंडू हळूच ढकलत खळग्यात घालायला आणखी दोन मिळवायचे. होल दीडशे यार्डांचा असेल तर एका फटक्यात ग्रीनवर आणि पुढे दोन, म्हणून तो पार तीन. चारशे यार्डांचा असेल तर दोन अधिक दोन, पार चार. सव्वापाचशे यार्डांचा असेल तर तीन अधिक दोन, पार पाच. अठरा होलची बेरीज बहुधा सत्तर ते बहात्तर होते. यातला ‘तरबेज’ हा शब्द विसरू नका. पार म्हणजे सर्वसाधारण माणसाचा सरासरी स्कोअर नव्हे. हौशी खेळाडूला अख्ख्या फेरीत दोन-तीन पार जमले तरी तो घरी आनंदात जातो.

आता तुमच्या ऑफिसातला ‘बिलो पार’. दोन्हीकडचा शब्द एकच आहे. लॅटिनमध्ये ‘पार’ म्हणजे समान. इंग्रजीत तो शेअर बाजारात रुळला: शंभर रुपये दर्शनी किमतीचा शेअर शंभरालाच विकला गेला तर तो ‘ॲट पार’, नव्वदला गेला तर ‘बिलो पार’. ज्याच्या हातात शेअर आहे त्याच्या दृष्टीने खाली जाणं वाईटच. हाच अर्थ पुढे तब्येतीला आणि कामाच्या दर्जाला लागला, आणि तिथून तुमच्या ऑफिसात आला.

गोल्फने शब्द बाजारातूनच उचलला. 1870 साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला ओपन स्पर्धा होती. तेव्हा तिथे बाराच होल होते, आणि बारा होलच्या तीन फेऱ्या खेळायच्या होत्या. ए. एच. डोलमन नावाच्या गोल्फविषयी लिहिणाऱ्या गृहस्थांनी डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेम्स अँडरसन या दोन व्यावसायिक खेळाडूंना विचारलं, जिंकायला किती फटके लागतील? ते म्हणाले, एकही चूक न करता खेळलं तर एका फेरीला एकोणपन्नास. या आकड्याला डोलमननी ‘पार’ म्हटलं. तीन फेऱ्यांचे झाले 147. स्पर्धा जिंकली यंग टॉम मॉरिसने, 149 फटक्यांत. म्हणजे त्या काळातला अव्वल खेळाडूही पारपेक्षा दोन जास्तच खेळला! पार जन्मला तोच असा, बिनचूक खेळाचा आकडा म्हणून.

तेव्हा शब्द उलटलेला नाही, ज्या गोष्टीला तो लावला ती उलटी आहे. बाजारात किंमत मोजतात, ती जास्त असलेली बरी. गोल्फमध्ये फटके मोजतात, ते कमी असलेले बरे.

मराठीत या पारची पंचाईत वेगळीच. आपल्याकडे वडाचा पार आहे, नदीपार आहे, कार्य पार पडतं आणि माणूस पार दमतो. त्यात ‘तिने नववा होल पार केला’ असं वाक्य वाचलं की नववा होल संपवून ती पुढे गेली, की तिथे पार स्कोअर केला, हे कळायला मार्ग नाही. माझ्या मते ‘नववा होल पारमध्ये संपवला’ किंवा ‘नवव्या होलवर पार’ असं लिहिलं की घोटाळा मिटतो.

आता पक्षी. एखाद्या होलला पारपेक्षा एक फटका कमी लागला की बर्डी. पार चारच्या होलवर तीन, पार तीनच्या होलवर दोन. हा शब्द अमेरिकेतला, न्यू जर्सीमधल्या अटलांटिक सिटीच्या क्लबातला. एकोणिसावं शतक सरतानाची किंवा विसावं उजाडतानाची गोष्ट आहे. नेमकं साल निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं दिलेलं सापडतं. ॲब स्मिथ नावाच्या खेळाडूचा पार चारच्या होलवरचा दुसरा फटका खळग्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर जाऊन थांबला. त्या वेळच्या अमेरिकन बोलीत झकास गोष्टीला ‘बर्ड’ म्हणत, जसं आपण ‘कडक’ म्हणतो. स्मिथ त्या अर्थी आपल्याच फटक्याला ‘बर्ड’ म्हणाला आणि वर सुचवलं की असा एक फटका वाचवणाऱ्याला पैजेचे पैसे दुप्पट मिळावेत. गडी पैजेवर खेळत होते, त्यामुळे शब्द टिकला. थोडक्यात, बर्डीत खरा पक्षी कधी नव्हताच.

पण बोलणाऱ्यांना तो दिसायला लागला, आणि पुढचे शब्द त्याच चित्रावर बेतले गेले. एक फटका वाचवला तर साधा पक्षी, मग दोन वाचवले तर मोठा पक्षी हवा. अमेरिकेचं राष्ट्रीय बोधचिन्ह गरुडाच्या जातीचं, म्हणून ईगल. पार पाचच्या होलवर तीन फटके म्हणजे ईगल. पार तीनच्या होलवर पहिलाच फटका थेट खळग्यात गेला तर होल इन वन म्हणतात, पण हिशेबात तोही ईगलच. तीन वाचवणाऱ्याला अल्बट्रॉस, तो तर विरळाच. मात्र यांची भाषांतरं करू नयेत. ‘त्याने आज दोन गरुड मारले’ असं छापून आलं तर वनखात्याची माणसं दारात उभी राहतील.

आणि आता बागुलबुवा. 1890च्या सुमारास इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला ह्यू रॉदरहॅम नावाच्या गृहस्थांनी प्रत्येक होलसाठी चांगल्या हौशी खेळाडूचा एक आकडा ठरवून दिला. प्रतिस्पर्ध्याऐवजी त्या आकड्याशी खेळायचं, अशी कल्पना. ती ग्रेट यारमथच्या क्लबात पोचली तेव्हा ‘बोगी मॅन’ येतोय, लपा, अशा अर्थाचं एक गाणं लोकांच्या तोंडी होतं. बोगी मॅन म्हणजे मुलांना भीती घालायचा तो, तंतोतंत आपला बागुलबुवा. दिसत तर नाही, चुकत कधी नाही, आणि दर होलला मानगुटीवर बसलेला! असल्या प्रतिस्पर्ध्याला दुसरं नाव काय देणार? थोड्याच दिवसांत तो गॉस्पोर्टच्या सैनिकी क्लबात गेला. तिथे प्रत्येक सभासदाला लष्करी हुद्दा असे, म्हणून यालाही कर्नल करून टाकलं. तेव्हापासून तो कर्नल बोगी.

म्हणजे तेव्हा बोगी हा गाठायचा आकडा होता, आज ज्या जागी पार आहे तिथे. पुढे चेंडू सुधारले, ते लांब जायला लागले, खेळाडूही तयार झाले. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने 1911 साली लांबीप्रमाणे पारचे आकडे ठरवून दिले, आणि ते जुन्या बोगीपेक्षा कडक होते. बऱ्याच होलवर बोगी पारच्या एक फटका मागे पडला. मग अमेरिकेत पारपेक्षा एक जास्त म्हणजे बोगी असा अर्थ रूढ झाला आणि तोच जगभर चालला. दोन जास्त तर डबल बोगी, तीन जास्त तर ट्रिपल. बिचाऱ्या कर्नलची ही पदावनतीच म्हणायची. रेल्वेची बोगी इंग्रजीत लिहितात वेगळी, आणि तिकडे तो शब्द डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा. अख्ख्या डब्याला बोगी म्हणणं ही आपल्याकडची रीत. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, इतकंच त्यांचं नातं.

हे सगळं एका फेरीत बघायचं तर टोकियो ऑलिंपिक आठवा. 7 ऑगस्ट 2021च्या सकाळी एरवी गोल्फकडे न फिरकणारे आपण कितीतरी जण अदिती अशोकसाठी टीव्हीपुढे बसलो होतो. कोर्सचा पार 71. शेवटच्या फेरीत तिने पाच बर्डी केल्या, म्हणजे पाच फटके वाचवले. नवव्या आणि अकराव्या होलवर बोगी झाली, म्हणजे दोन जास्त गेले. उरलेले अकरा होल पारमध्ये. पाचातून दोन वजा, तीन अंडर, फेरी 68ची. चार दिवसांचे 67, 66, 68 आणि 68 मिळून 269. चार फेऱ्यांचा पार 284, म्हणून फलकावर तिच्या नावापुढे उणे पंधरा. सुवर्ण मिळवणारी नेली कोर्डा उणे सतरा. जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को दोघीही उणे सोळा. त्यांनी रौप्य कोणाचं आणि कांस्य कोणाचं हे जादा होल खेळून ठरवलं, आणि अदिती चौथी आली. त्या दोन बोगींपैकी एक जरी टळली असती, तरी ती त्या जादा होलला तिसरी म्हणून उभी असती.

पुढच्या वेळी मामांचं कार्ड हातात घेऊन बघा. पुष्कळ जण आकड्याभोवती गोल काढतात, ती बर्डी. दोन गोल म्हणजे ईगल. चौकोन म्हणजे बोगी, दुहेरी चौकोन म्हणजे डबल बोगी, आणि नुसताच आकडा असेल तर पार. टीव्हीवर मात्र बेरीज पारशी बरोबर झाली की शून्याऐवजी E दिसतं. मामांच्या कार्डावर चौकोन बरेच दिसले तर हसू नका. हौशी खेळाडूने सगळ्या अठरा होलवर बोगीच केली, तरी पार 72च्या कोर्सवर त्याचे नव्वद होतात, आणि नव्वदच्या आत येण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं रविवार घालवतात.