हजार बाटल्या, दहा उंदीर आणि हळदीच्या पट्ट्या

प्रश्न: १००० बाटल्यांपैकी एकीत विष आहे. चाखायला १० उंदीर आहेत, विषाचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो आणि फेरी एकच मिळणार. बायनरीवालं उत्तर वाचलं पण डोक्यात शिरलं नाही. साध्या भाषेत कोणी सांगेल का? आणि हे खरोखर करून बघता येतं का?

बायनरी हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि भाजीवाल्याचा तराजू आठवा. फक्त वजनं जरा वेगळी घ्या: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६ आणि ५१२ ग्रॅम, प्रत्येकी एकच. या दहा वजनांतून १ पासून १०२३ पर्यंतचा कुठलाही आकडा जमतो, आणि तो एकाच तऱ्हेने जमतो. समजा ६१३ हवेत. ५१२ ठेवलं, १०१ उरले. २५६ आणि १२८ बसत नाहीत, सोडून द्या. ६४ ठेवलं, ३७ उरले. ३२ ठेवलं, ५ उरले. १६ आणि ८ नाही, ४ हो, २ नाही, १ हो. झालं: ५१२, ६४, ३२, ४ आणि १.

आता प्रत्येक उंदराच्या गळ्यात एकेका वजनाची चिठ्ठी बांधा आणि बाटल्यांना १ ते १००० क्रमांक द्या. ६१३ नंबरच्या बाटलीतला एकेक थेंब फक्त त्या पाच उंदरांच्या वाटीत टाकायचा. सगळ्या बाटल्यांचं असंच करायचं. दुसऱ्या दिवशी मेलेल्या उंदरांच्या चिठ्ठ्या गोळा करून बेरीज करा. जी येईल ती विषाची बाटली.

लोक अडतात ते इथे: एकेका उंदराच्या पोटात जवळपास पाचशे बाटल्यांचे थेंब जातात, मग कशाने मेला हे कसं कळणार? एकट्या उंदराकडून ते कळतच नाही, आणि कळायची गरजही नाही. बाकीचे थेंब निरुपद्रवी आहेत. ६४ नंबरचा उंदीर मेला म्हणजे एवढंच कळलं, की विषाच्या बाटलीच्या आकड्यात ६४ चं वजन आहे. तो जगला तर ते नाही, हेही तितक्याच खात्रीने कळलं. जगलेला उंदीरही साक्षीदारच असतो. नऊ उंदरांत भागत नाही, कारण नऊ जणांच्या जगण्या-मरण्याचे प्रकार ५१२ च होतात. मग कुठल्या तरी दोन बाटल्यांना एकच निकाल वाटून घ्यावा लागतो.

बऱ्याच ठिकाणी क्रमांक शून्यापासून देतात. मी देणार नाही. शून्य नंबरची बाटली कोणीच चाखत नाही, त्यामुळे सगळे उंदीर जगले तर विष त्या बाटलीत होतं, विष नव्हतंच, की अजून चढलं नाही, हे सांगता येत नाही. एकपासून सुरू केलं तर ‘सगळे जिवंत’ याचा अर्थ सरळ होतो: काहीतरी चुकलंय.

उंदरांची दया येत असेल तर एक गंमत. १ ते १००० मध्ये नऊ उंदीर मारणारे आकडे पाचच आहेत: ५११, ७६७, ८९५, ९५९ आणि ९९१. त्या पाच बाटल्यांवर १००१ ते १००५ चिकटवा. आता कितीही वाईट झालं तरी आठच्या वर मरणार नाहीत.

करून बघता येतं का? येतं, आणि विषाशिवाय. मी सातवीतल्या भाचीबरोबर केलंय. पंधरा वाट्यांत पाणी, त्यातल्या एकीत धुण्याचा सोडा विरघळवलेला. कुठल्या, ते तिच्या आईलाच माहीत. उंदरांऐवजी हळदीच्या पट्ट्या: टिपकागदाला हळदीचं पाणी लावून वाळवलेल्या. सोडा लागला की हळद लालसर होते, कपड्यावरच्या वरणाच्या डागाला साबण लागला की होते तशीच. पंधरा वाट्यांना चार पट्ट्या पुरतात: ८, ४, २, १. प्रत्येकीसाठी एक छोटं झाकण घेतलं, त्यात ज्या त्या वाटीतले थेंब टाकले (प्रत्येक झाकणात बरोबर आठ पडतात) आणि पट्ट्या बुडवल्या. ४, २ आणि १ लाल झाल्या. भाची ओरडली, “मामा, सात नंबर!” सोडा सहामध्ये होता.

घोळ ड्रॉपरचा होता. सहाव्या वाटीत बुडवलेला ड्रॉपर न धुता तिने सातवीत घातला. म्हणजे सातव्या वाटीतूनही सोड्याचेच थेंब पडले आणि आमच्याकडे एकाऐवजी दोन ‘विषारी’ वाट्या झाल्या. सहा म्हणजे ४ आणि २, सात म्हणजे ४, २ आणि १. दोन्ही मिळून निकाल सातचाच दिसतो. या पद्धतीतला खरा धोका हाच आहे. विष दोन बाटल्यांत असेल तर उत्तर ‘कळत नाही’ असं येत नाही. खोटं उत्तर येतं, आणि ते अगदी खऱ्यासारखं दिसतं. तीन आणि पाचमध्ये विष असेल तरी निकाल सातच! सात नंबरची निर्दोष बाटली मोरीत ओतली जाते आणि विषारी दोन्ही पंगतीला जातात.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही पट्ट्या दुप्पट केल्या. प्रत्येक वजनाला दोन: एक ‘आहे’ची, एक ‘नाही’ची. ज्या वाटीच्या आकड्यात ४ नाही, तिचा थेंब ४ च्या ‘नाही’ पट्टीच्या झाकणात. वाटी एकच खराब असेल तर प्रत्येक जोडीतली एकच पट्टी लाल होते. दोन्ही लाल झाल्या की समजायचं, खराब वाट्या एकाहून जास्त आहेत. मुद्दाम ड्रॉपर न धुता पुन्हा केलं तेव्हा १ ची जोडी पूर्ण लाल झाली आणि बाकीच्या जोड्यांनी ८ नाही, ४ आहे, २ आहे असं सांगितलं. म्हणजे सहा आणि सात. त्या दोनच वाट्या वेगळ्या तपासल्या. तीन आणि पाच असते तर दोन जोड्या लाल झाल्या असत्या आणि ‘तीन-पाच’ की ‘एक-सात’ एवढा संशय उरला असता. हजार बाटल्यांना याचे वीस उंदीर लागतात.

दुसरी अडचण थेंबांची. वीस थेंबांचा एक मिली धरला तर पाचशे थेंब म्हणजे २५ मिली. उंदराचं स्वतःचं वजन साधारण तेवढेच ग्रॅम असतं, तो बिचारा एवढं पिणार कुठून! शिवाय विष पाचशे पट पातळ होतं. कोड्यात ‘एक थेंबही पुरे’ असं म्हणून सुटका होते, प्रयोगशाळेत होत नाही. कोविडमध्ये अनेकांचे नमुने एकत्र करून तपासायला आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्ये परवानगी दिली, तेव्हा एका गटात पाचाहून जास्त नमुने नकोत असं बजावलं होतं, कारण कमी विषाणू असलेला नमुना गर्दीत निसटतो. आणि ही पद्धत मुख्यतः जिथे लागण दोन टक्क्यांहून कमी आहे अशा भागांसाठी सुचवली होती. लागण जास्त असली की जवळपास प्रत्येक गट बाधित निघतो आणि मग प्रत्येकाला वेगळं तपासावंच लागतं.