सगळ्या गोधड्या एकाच दिवशी धुवू नको

"ताई, मी 41 वर्षांची, परभणीजवळ राहते. आठ महिने झाले, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अंग ठणकतं अन् सकाळी उठलं की झोपच झाली नाही असं वाटतं. डॉक्टर म्हणले रिपोर्ट नॉर्मल आहेत, फायब्रोमायल्जियासारखं दिसतंय, चालत जा. चालले की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकून घेते, मग तीन दिवस पडून. सासूबाईंना सोंग वाटतं. काय करू?"

अगं सोंग कशाचं! यात सांधे-स्नायू बिघडलेले नसतात म्हणून रिपोर्ट चांगले येतात, पण मेंदू अन् नसा बारीक दुखणंही मोठं करून सांगतात, त्यामुळं दुखतं ते खरंच दुखतं. फक्त थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी अन् बी-बारा तपासलंय ना ते डॉक्टरांना विचार, तिथं काही कमी-जास्त असलं तरी अंग असंच दुखतं.

खरा घोळ होतो तो बऱ्या दिवशी. समज नवरात्राआधी सहा गोधड्या धुवायच्यात, अंग हलकं वाटलं की तू सहाही आपटून मोकळी होणार अन् घटस्थापनेला अंथरुणात. त्यापेक्षा दिवसाला एकच घे, पिळायला पोरांना लाव, मधी बसून घे, आणि अजून जमतंय असं वाटत असतानाच थांब (हे लई अवघड जातं, माहितीय मला). चालायचं पण तसंच. वाईट दिवशीसुद्धा जमेल एवढ्यापासून सुरू कर, अंगणात पाच मिनिटं समज, आठवडाभर तेवढंच, मग एखादा मिनिट वाढव. थोडं जास्त दुखलं अन् दिवसभरात निवळलं तर चालतंय, पण दोन दिवस उठवेना झालं तर आकडा जास्त झाला, परत खाली ये.

दुखणं उसळलं त्या दिवशी पूर्ण झोपून राहू नको, अंग आखडून अजून दुखतं. चालणं पाच मिनिटांवरून दोन मिनिटांवर आण, कोमट पाण्यानं आंघोळ, शेक, भाकरी बसून थाप, बाकी स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करू दे. एखाद्या दिवशी धुणं राहिलं तर राहू दे.

झोपेचं म्हणशील तर रात्री कितीही वाजता डोळा लागला तरी उठायची वेळ एकच ठेव. दुपारी झोपायचंच तर अर्ध्या तासाच्या आत, तेही तीनच्या आधी, आणि चार नंतरचा चहा बंद. नुसत्या पेनकिलर गोळ्या मेडिकलवरून आणून खात बसू नको, यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही अन् पोट-किडनीला त्रास होतो. झोप अन् दुखणं दोन्हीला कमी डोसची वेगळी गोळी असते, ती डॉक्टरच देतील.

आणि हो, सांधे सुजले, ताप येत राहिला, वजन आपोआप घटलं किंवा हातापायातली ताकद गेली तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून लगेच दाखव. पुढच्या वेळी डॉक्टरकडं जाताना सासूबाईंना सोबत ने, त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.