यंत्र अजून चालवायचं की बदलायचं, हे शेवटच्या वर्षाला विचारा

प्रश्न: आमचं यंत्र 3 वर्षांचं आहे आणि अजून 3 वर्षं काम हवंय. ठेवलं तर यंदाचा खर्च कमी दिसतो, मग डायनॅमिक प्रोग्रॅमिंग बदलायला का सांगतं?

कारण यंदा यंत्र ठेवलं तर पुढच्या वर्षी ते कुठल्या वयाचं होऊन तुमच्या हातात येईल, हे यंदाच्या खर्चात दिसत नाही.

आकडे घेऊन बघू, सगळे हजारांत. नवं यंत्र 100 ला. वापराच्या पहिल्या वर्षी चालवण्याचा खर्च 10, मग 20, 30, 40. जुनं विकलं तर 1 वर्षाचं 60 ला जातं, 2 वर्षांचं 40 ला, 3 वर्षांचं 30 ला आणि 4 वर्षांचं 25 ला. 4 वर्षं झाली की बदलावंच लागतं. तिसऱ्या वर्षाअखेर जे यंत्र उरेल ते विकायचं.

यंदापुरतं पाहिलं तर ठेवण्याचा खर्च 40 आणि बदलण्याचा 100 − 30 + 10 = 80. फसगत इथेच होते. म्हणून मी नेहमी शेवटच्या वर्षापासून मागे येते; डायनॅमिक प्रोग्रॅमिंग इथे हेच करतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला यंत्र 1 वर्षाचं असेल तर ठेवून 20 − 40 = −20 पडतात, म्हणजे 20 हाती येतात. बदललं तर 100 − 60 + 10 − 60 = −10, तेव्हा ठेवावं. 2 वर्षांचं असेल तर ठेवून 0, बदलून 10. इथेही ठेवावं.

आता दुसरं वर्ष; त्याच्या खर्चात तिसऱ्या वर्षाचा वर काढलेला आकडा मिळवायचा. यंदा ठेवलेलं यंत्र तेव्हा 4 वर्षांचं असेल, म्हणजे बदलणं भाग: 100 − 25 + 10 − 20 = 65. यंदा बदललेलं 1 वर्षाचं असेल. ते ठेवून 20 + 0 = 20, पुन्हा बदलून 30.

मग पहिल्या वर्षी ठेवणं 40 + 65 = 105 आणि बदलणं 80 + 20 = 100. यंदा वाचलेले 40 पुढच्या वर्षी 45 होऊन अंगावर येतात.

हे उत्तर मुदतीला मात्र फार नाजूक आहे. काम फक्त एकच वर्ष उरलं असतं तर ठेवणं 40 − 25 = 15 आणि बदलणं 80 − 60 = 20; तिथे ठेवणंच योग्य. त्यामुळे 3 वर्षं हा आकडा कुठून आला, हे आधी नीट तपासा. मुदतीअखेरची विक्री किंमतही विसरू नका, ती धरली नाही तर शेवटचे निर्णय बिघडतात आणि तो बिघाड मागे सरकत येतो.

पैशावर व्याज धरायचं असेल तर प्रत्येक टप्प्यावर पुढच्या वर्षाचा आकडा, मुदतीअखेरच्या विक्रीसह, 0.9 सारख्या गुणकाने गुणायचा. तसं केलं तर इथे 5 चा फरक सुमारे 3 वर येतो, पण निर्णय बदलत नाही. यंत्र दरवर्षी सुधारत असेल तर मात्र नुसतं वय पुरत नाही; किंमत आणि खर्च कुठल्या वर्षीच्या यंत्राचा, हेही टप्प्याच्या स्थितीत धरावं लागतं.